टॅप केलेले कॉल आणि गृहविभागाच्या आदेशाचं एक पान

*मी सरकारी कामं घेणारा छोटा ठेकेदार आहे. रस्तादुरुस्तीचं बिल सुटावं म्हणून एका अभियंत्याला चार लाखांची लाच देऊ केली, असा माझ्यावर आरोप आहे. गेल्या आठवड्यात आरोपपत्राची प्रत हातात पडली. त्यात माझ्या मोबाइलवरचे ११ कॉल शब्दन् शब्द उतरवलेत. बायकोशी तिच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल बोललो, तेही त्यात आहे. २०२२ मध्ये गृहविभागाने टॅपिंगला परवानगी दिली होती, असं लिहिलंय. आता आवाजाचा नमुना द्यायला बोलावलंय. वकील म्हणतात, पुरावा कसाही मिळवला तरी कोर्ट घेतं. मित्र म्हणतात, खासगीपणा मूलभूत हक्क आहे, केस उडेल. कोणाचं खरं मानू?*

नमस्कार.

वकिलांनी सांगितलेला नियम १९७२ पासून चालत आलेला आहे, मित्रांनी सांगितलेला २०१७ पासून. दोन्ही आजही जिवंत आहेत आणि तुमचं प्रकरण नेमकं त्यांच्या सांध्यावर आहे. त्यामुळे निकाल कुठल्या बाजूला झुकेल, ते तुमच्या आरोपपत्रातला एक कागद ठरवेल. तो म्हणजे टॅपिंगला परवानगी देणारा गृहविभागाचा आदेश. बहुतेकदा तो एकाच पानाचा असतो.

त्या पानाकडे वळण्याआधी तारखेचं सांगतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात विशेष न्यायाधीश वॉरंट खटल्याची पद्धत वापरतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २६२ प्रमाणे, आरोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याइतका आधारच नाही म्हणून सोडून द्या असा अर्ज करायचा असतो. तुमचे सात-आठ दिवस गेलेत. गुन्हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळातला असल्यामुळे ही मुदत लागू होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. प्रत मिळाल्याची तारीख कोर्टाच्या रोजनाम्यात नोंदलेली असते, तिथून दिवस मोजा.

आता वकिलांचा नियम. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण निकाली काढलं. आरोपी मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी होते. ज्या डॉक्टरमार्फत पैसे मागितल्याचा आरोप होता, त्या डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्याच फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टेप झालं. न्यायालयाने सांगितलं की बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असेल तर ते चोरून ऐकणं ठरत नाही. पुरावा गैरमार्गाने मिळाला असला, तरी तो संबंधित आणि खरा असेल तर चालतो, असंही त्या निकालात आहे. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पूरणमल खटल्यात हाच विचार झडतीत सापडलेल्या कागदपत्रांना लावला गेला. २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यातही टॅपिंगची कार्यपद्धती नीट पाळली नाही, एवढ्या कारणावरून पुरावा फेकून द्यायला न्यायालयाने नकार दिला. तेव्हा तुमचे वकील मनाचं काही सांगत नाहीयेत.

पण मलकानी प्रकरणात रेकॉर्डर एका बोलणाऱ्याच्या फोनवर होता. म्हणून आरोपपत्र घेऊन बसा आणि त्या ११ कॉलपुढे एकेक खूण करा. हा कॉल समोरच्याने स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करून पोलिसांना दिला, की कंपनीच्या यंत्रणेतून तिसऱ्यानेच ऐकला? अभियंत्याने तक्रार देऊन स्वतः रेकॉर्ड केलेला एखादा कॉल असेल, तर त्यावर खासगीपणाचा मुद्दा जवळपास टिकत नाही. तुमचा गृहविभागाच्या आदेशाशी असलेला वाद फक्त दुसऱ्या गटातल्या कॉलांपुरता आहे. हे दोन गट उच्च न्यायालयातल्या याचिकेत एकत्र केले, की सरकारी वकील पहिल्या गटातला एक कॉल दाखवून सगळ्याच मुद्द्याची हवा काढून घेतात.

मित्रांचा नियमही नीट समजून घ्या. घटनेचं कलम २१ सांगतं की कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. त्यात ‘खासगीपणा’ हा शब्द नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा आणि १९६२ च्या खरकसिंग या निकालांमध्ये न्यायालयाने घटनेत असा हक्क नाही असं म्हटलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमुखाने तेवढा भाग खोडून काढला आणि खासगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असं ठरवलं. त्याच निकालात हा हक्क निरपवाद नाही, असंही आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर तसा कायदा हवा, हेतू राज्याच्या रास्त हिताचा हवा आणि उचललेलं पाऊल त्या हेतूच्या मानाने प्रमाणात हवं. गैरवापर होऊ नये म्हणून कार्यपद्धतीचे अडसर हवेत, असं न्या. कौल यांनी आपल्या निकालपत्रात वेगळं नोंदवलं. मित्रांना पहिलं वाक्य ठाऊक आहे. तुमची केस उभी राहील की पडेल, ते पुढच्या वाक्यांवर आहे.

टॅपिंगला कायदा आहे. तुमच्या वेळी तो १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) हा होता. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे टॅपिंगचे नवे नियम नंतर आले. २०२२ चा आदेश २०२२ च्या कायद्यावरच तपासायचा, हे याचिका लिहिताना विसरू नका.

कलम ५(२) ला दोन दारं आहेत, एकामागे एक. पहिल्या दारावर लिहिलंय, ‘सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा लोकसुरक्षेच्या हितासाठी’. हे दार उघडलं तरच दुसऱ्यापाशी जाता येतं. त्यावर पाच कारणं आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि गुन्हा करण्यास चिथावणी मिळू नये यासाठी प्रतिबंध. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली अट पुरी झाल्याशिवाय, अधिकाऱ्याला कितीही गरजेचं वाटलं तरी, टॅपिंग करता येत नाही. लोकसुरक्षा म्हणजे सर्वसामान्य जनतेला धोका नसण्याची स्थिती. आणीबाणी काय किंवा लोकांवरचा धोका काय, या गोष्टी गुपचूप नसतात. सर्वसाधारण माणसाला त्या दिसून येतात, असंही त्या निकालात आहे.

आता ते पान समोर घ्या. अशा आदेशात साधारण काय वाचायला मिळतं? वर क्रमांक, ‘अतिगोपनीय’चा शिक्का, मग एक लांबलचक वाक्य: सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था राखणे आणि गुन्ह्यास चिथावणी रोखणे यांच्या हितासाठी खालील क्रमांकावरील संदेश ऐकणे आवश्यक असल्याबद्दल माझी खात्री झाली आहे. खाली मोबाइल नंबर, यंत्रणेचं नाव, सही. कलमातली पाचही कारणं एका दमात ओतलेली असतात, आणि रस्तादुरुस्तीच्या बिलाचा परराष्ट्र संबंधांशी काय संबंध, हे विचारायला जागाच ठेवलेली नसते. कायद्याचे शब्द उतरवून काढले म्हणजे कारणं दिली असं होत नाही. तेव्हाच्या टेलिग्राफ नियमावलीचा नियम ४१९-अ आदेशात कारणं नोंदवायला सांगतो. माहिती मिळवायचा दुसरा रास्त मार्ग आहे का, याचा आधी विचार व्हावा आणि तो नसेल तेव्हाच टॅपिंगचा आदेश निघावा, असंही तो सांगतो. प्रमाणात पाऊल उचलणं म्हणतात ते इथे अगदी व्यवहारात उतरतं. बिल कोणत्या टेबलावर अडकलंय, हे फाइल मागवून कळलं असतं का? सापळा लावता आला असता का? आदेशात याबद्दल एक ओळही नसेल, तर तो तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

नेमका हाच वाद मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता. विनीत कुमार विरुद्ध सीबीआय, निकाल २२ ऑक्टोबर २०१९ चा, न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाचा. आरोप होता की एका व्यावसायिकाने कर्जाच्या कामासाठी बँकेतल्या लोकसेवकाला दहा लाखांची लाच दिली. टॅपिंगचे आदेश तीन होते, २००९ च्या ऑक्टोबर आणि डिसेंबरमधले दोन आणि २०१० च्या फेब्रुवारीतला एक. न्यायालयाने विचारलं, या व्यवहारात लोकसुरक्षेला धोका कुठे आहे? आदेशांत आणि सरकारच्या कागदांत त्याचं उत्तर सापडलं नाही. तिन्ही आदेश रद्द झाले, रेकॉर्डिंगच्या प्रती नष्ट करायला सांगितलं आणि खालच्या न्यायालयाने ते संभाषण विचारात घ्यायचं नाही, असं ठरलं. ‘मिळालंच आहे तर वापरू द्या’ हा युक्तिवाद खंडपीठाने मान्य केला नाही. घटनापीठाने हक्क दिला आणि तो तुडवून मिळवलेली वस्तू खटल्यात चालवली, तर त्या हक्काला अर्थ काय उरतो, हा त्यामागचा विचार आहे. माझ्या मते तोच बरोबर आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या विशेष न्यायाधीशांवर हा निकाल बंधनकारक आहे. तुमच्या वकिलांनी तो आधी वाचावा, मग १९७२ चा.

मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये याच वाटेने जाऊन २०११ चा एक टॅपिंग आदेश रद्द केला. तिथे आरोप ५० लाखांच्या लाचेचा होता, म्हणजे रक्कम मोठी असूनही आदेश टिकला नाही. एखादा गुन्हा शोधून काढणं हा हेतू चांगला असला, तरी कलम ५(२) च्या दारांवर तो लिहिलेला नाही, असं या विचाराचं सार आहे.

पण त्याच्या थोडं आधी, जून २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. तिथलं काम दोन हजार कोटींहून मोठ्या सरकारी प्रकल्पाच्या उपकंत्राटाचं होतं. एवढ्या पैशांचा भ्रष्टाचार लोकांच्या जिवाशी, तिजोरीशी आणि व्यवस्थेवरच्या विश्वासाशी खेळतो, म्हणून तो लोकसुरक्षेच्या कक्षेत येऊ शकतो, असं त्या न्यायालयाने मानलं आणि आदेश कायम ठेवले. सरकारी वकील तुमच्यासमोर हाच निकाल ठेवतील. त्याचं उत्तर तुमच्याच कागदांत आहे: कामाची एकूण रक्कम, निविदेचा क्रमांक, आणि आरोप बिल सोडवण्याचा आहे की निकृष्ट काम खपवण्याचा. चार लाख आणि एका रस्त्याचं बिल हे चित्र दिल्लीच्या प्रकरणापासून दूर आहे. उद्या आरोपपत्रात ‘पूल खचण्याचा धोका’ असं काही निघालं, तर मात्र लोकसुरक्षेचा युक्तिवाद जिवंत होतो. म्हणून आरोपाचं स्वरूप काय आहे, ते आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा.

आता कार्यपद्धतीचे अडसर. अनेकदा आदेशाच्या मजकुरापेक्षा इथेच सरकार घसरतं. राज्यात असा आदेश गृहविभागाच्या सचिवांनीच द्यायचा असतो. अपवादात्मक परिस्थितीत त्यांनी अधिकार दिलेला, ठरावीक दर्जाचा अधिकारीही देऊ शकतो. फारच तातडी असेल तर पोलीस महानिरीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने टॅपिंग आधी सुरू करता येतं, पण तीन कामकाजी दिवसांत कळवावं लागतं आणि सात कामकाजी दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची पुष्टी यावी लागते. आदेश ६० दिवस चालतो, मुदतवाढ धरून कमाल १८० दिवस. आदेशाची प्रत सात कामकाजी दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे जायला हवी. राज्यात त्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. तिची दोन महिन्यांतून किमान एकदा बैठक होऊन आदेश कायद्यात बसतो की नाही, याचा निष्कर्ष नोंदवला जायला हवा. आपल्याकडे टॅपिंगआधी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, त्यामुळे गृहसचिवांच्या सहीवर दुसरी नजर टाकणारी ही एकच जागा आहे.

उदाहरण म्हणून धरू की तुमच्या पानावरची तारीख मंगळवार, ५ जुलै २०२२ आहे. पहिला कामकाजी दिवस ६ जुलै. शनिवार-रविवार वगळले तर सातवा येतो गुरुवारी, १४ जुलैला. तोवर प्रत समितीकडे पोहोचल्याची जावक नोंद हवी. साठ दिवसांचं गणित असं: ५ जुलै हा पहिला दिवस धरला तर जुलैचे २७, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे दोन, म्हणजे मुदत २ सप्टेंबरला संपते. पहिला दिवस न धरता मोजलं तरी फार तर ३ सप्टेंबर. तुमच्या ११ कॉलांपैकी एखादा ८ सप्टेंबरचा असेल आणि आरोपपत्रात मुदतवाढीचा आदेश नसेल, तर तो कॉल कोणत्याही परवानगीशिवाय ऐकलेला आहे. त्याला लोकसुरक्षेचा वाद घालायचीही गरज नाही. कॉलांच्या तारखा आणि आदेशाची मुदत शेजारी शेजारी लिहून तक्ता करा. मोबाइल नंबरचे दहाही आकडे आदेशातल्या नंबरशी जुळवा. एकाहून अधिक सिमकार्डं असतील तर परवानगी एका नंबरची आणि उतारा दुसऱ्याचा, असंही निघू शकतं.

समितीचा निष्कर्ष आरोपपत्रात सहसा नसतो. तो खटल्याच्या न्यायालयाकडून मागवू म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या देबेंद्रनाथ पाढी निकालामुळे आरोप निश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला असे कागद मागवण्याचा हक्क सहसा मिळत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकलात तर सुरक्षा आणि तपासाच्या अपवादांवर बोट ठेवून नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि अपिलात महिने जातील. खरी जागा आहे उच्च न्यायालय. घटनेच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट याचिका करून टॅपिंगचा आदेशच आव्हानित करा आणि गृहविभागाने मूळ फाइल, जावक नोंदी व पुनर्विलोकन समितीचं इतिवृत्त न्यायालयासमोर ठेवावं, अशी स्वतंत्र मागणी करा. फाइल गोपनीय आहे म्हटलं तर न्यायमूर्ती ती बंद लिफाफ्यात घेऊन स्वतः पाहू शकतात.

‘सहा महिन्यांनी अभिलेख नष्ट करायचा नियम आहे, तो केला’ असं उत्तर येऊ शकतं. नियम खरा आहे. पण त्यातच अपवाद आहे: कामासाठी लागत असतील ते कागद ठेवायचे. ज्या आदेशाच्या जोरावर आरोपपत्र दाखल केलं, त्याच आदेशाची पडताळणी करणारे कागद कामाचे नव्हते, हे न्यायालयाला पटवणं सरकारला जड जाईल. प्रतिज्ञापत्रात ते कोणत्या दिवशी आणि कोणाच्या सहीने नष्ट केले, हे स्पष्ट लिहून द्यायला सांगा.

बायकोशी झालेल्या बोलण्याचा मुद्दा याचिकेत वेगळ्या परिच्छेदात मांडा. टॅपिंगचा आदेश वैध ठरला तरीही तो कॉल आरोपाशी संबंधित नाही. तिच्या आजाराची माहिती ही तिची स्वतःची खासगी बाब आहे आणि ती या खटल्यात आरोपीही नाही. तो उतारा अभिलेखातून वगळावा, प्रती नष्ट व्हाव्यात, आणि तोवर तो भाग झाकून मगच इतर आरोपींना प्रती द्याव्यात, अशी मागणी करा. शक्य असेल तर याचिकेत पत्नीलाही दुसऱ्या अर्जदार करा. आदेशात माहिती कोणाला द्यायची, तिचा वापर कशापुरता करायचा, हे ठरलेलं असावं लागतं. रिपोर्टबद्दलचं बोलणं त्या चौकटीत कुठेच बसत नाही, हे न्यायमूर्तींना एका नजरेत कळतं. सगळं हरलात तरी एवढा दिलासा मिळण्याची वाट मोकळी राहते.

मात्र हेच बोलणं मुख्य मुद्दा करू नका. ‘माझं वैयक्तिक ऐकलं’ या भावनेवर उभी केलेली याचिका दहा मिनिटांत कोसळते, कारण सरकार लगेच म्हणतं की टॅपिंगमध्ये वैयक्तिक बोलणं कानावर पडणारच. न्यायालय तराजू हातात घेतं तेव्हा एका पारड्यात तुमचा संताप नसतो. त्यात आदेशाची कारणं, पर्यायांचा विचार, मुदत आणि समितीची नजर यांपैकी काय गहाळ आहे, ते असतं.

आवाजाच्या नमुन्याचं वेगळं आहे. २ ऑगस्ट २०१९ च्या रितेश सिन्हा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकारी आरोपीला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात असं ठरवलं. खासगीपणाचा मुद्दा तिथेही मांडला गेला होता; ठोस सार्वजनिक हितापुढे तो झुकतो, असं न्यायालय म्हणालं. आता नव्या संहितेच्या कलम ३४९ मध्ये तशी तरतूदच आहे. तेव्हा ‘खासगीपणा’ म्हणून नकार देऊ नका. फक्त बोलावणं कशावर आलंय ते बघा: दंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश आहे, की तपास अधिकाऱ्याने फोनवर सांगितलंय? आदेश नसेल तर तो लेखी मागा. आदेश असेल आणि रिट याचिका दाखल झाली असेल, तर जुळवणी ज्या रेकॉर्डिंगशी करायची तेच आव्हानित आहे, या कारणावर उच्च न्यायालयाकडे तेवढ्यापुरती स्थगिती मागा. स्थगिती मिळाली नाही तर ठरल्या दिवशी जा. वाचायला दिलेला मजकूर टॅप झालेल्या संभाषणातलीच वाक्यं जशीच्या तशी आहे का, हे बघा. तसं असेल तर आक्षेप पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा.

याचिका जिंकलात तर काय होईल, याची कल्पना आधीच असू द्या. त्या कॉलांचं बोलणं जाईल, खटला आपोआप जाणार नाही. कोणी कोणाला कधी फोन केला हे दाखवणारा कॉल तपशील टॅपिंगच्या आदेशाने मिळवलेला नसतो. तो कंपनीकडून वेगळ्या अधिकाराखाली घेतात आणि तो राहील. बँकेचे व्यवहार राहतील. जप्त रोकड आणि पंचांचे जबाब असतील तर तेही राहतील. म्हणून वकिलांना एक सरळ प्रश्न विचारा: ११ कॉल काढून टाकले तर आरोपपत्रात माझ्याविरुद्ध काय उरतं? उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल, तर आधी रिट आणि तिच्या निकालावर दोषमुक्तीचा जोर, पण अर्ज मात्र ६० दिवसांच्या आतच दाखल करून ठेवायचा. उत्तर ‘बरंच काही’ असेल, तर रिटवर वर्षं आणि पैसे घालवण्याआधी उलटतपासणीची तयारी किती करावी लागेल, याचा हिशेब मांडा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दल वकील बोलतीलच. सीडी किंवा पेनड्राइव्ह ही दुय्यम प्रत असेल तर ते प्रमाणपत्र लागतंच, हे २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पक्कं झालं. पण त्याच निकालाप्रमाणे ते खटल्यात नंतरही आणू देता येतं. आज ते आरोपपत्रात नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

वकिलांकडे जाताना चार गोष्टी न्या: परवानगीच्या आदेशाची स्वच्छ प्रत, तारखांचा तक्ता, प्रत मिळाल्याच्या नोंदीचा रोजनामा आणि त्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश. आदेशाची प्रत आरोपपत्रात जोडलेलीच नसेल, नुसता उल्लेख असेल, तर नव्या संहितेच्या कलम २३० खाली ती मिळावी असा अर्ज पुढच्याच तारखेला द्या. त्या अर्जावर न्यायालयाने काय लिहिलं, ते रिटमध्ये तुमच्या कामी येईल.